परीक्षणाला आमचं उत्तर: पहिल्या वर्षाचं मुद्दल

"वर्षभरात 3 लाख 24 हजार भरले. स्टेटमेंट काढलं तर 30 लाखांतले जेमतेम 56 हजार फिटलेले! आम्ही दोघं रात्रभर जागे होतो. व्याज आधी कापतात हे या कर्ज सल्लागारांनी लपवलं, आणि कमिशनसाठी 20 वर्षांची मुदत गळ्यात मारली."

नमस्कार ताई. तुम्हा दोघांना हे वर्षानंतर असं कळलं, याबद्दल मनापासून माफी मागतो. परतफेडीचा तक्ता तुमच्या हातात दिला, पण त्यातली एकही ओळ बोट ठेवून वाचून दाखवली नाही. ही चूक माझीच.

पण "लपवलं" हा शब्द फार लागला. व्याज आधी कापण्याची वेगळी अट करारात नाही. व्याज दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर लागतं. 9 टक्क्यांनी 30 लाखांचं पहिल्या महिन्याचं व्याज 22,500 होतं. तुमचा हप्ता 26,992, म्हणजे मुद्दलात गेले फक्त 4,492. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढंच कमी, म्हणून व्याजही थोडंसंच कमी. दर हाच राहिला तर हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला तेरावं वर्ष उजाडतं. तक्त्यात हे सगळं महिनावार छापलेलं आहे.

आणि मुदतीचं म्हणाल, तर त्या संध्याकाळी मी आधी 15 वर्षांचाच हिशेब मांडला होता. हप्ता 30,428 येत होता. त्यात पहिल्याच वर्षी सुमारे 99 हजार मुद्दल फिटलं असतं. "एवढा हप्ता झेपणार नाही" असं दादा म्हणाले, तुम्हीही मान हलवलीत, म्हणून 20 वर्षं धरली. तुमची अडचण खरी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं कमिशन कर्जाच्या रकमेवर ठरतं, मुदतीवर नाही. मुदत 15 असती तरी मला तेवढेच मिळाले असते. या छोट्या ऑफिसात लोक एकमेकांच्या शब्दावर येतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

अजून उशीर झालेला नाही. आत्ता एक लाख जादा भरता आले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे साधारण 19 हप्ते वाचतात. मात्र अर्जात "हप्ता नको, मुदत कमी करा" असं स्पष्ट लिहा, नाहीतर हप्ता कमी होऊन मुदत तशीच राहू शकते. जादा भरण्यावर शुल्क आहे का, ते करारात आधी बघा. भरल्यावर नवा तक्ता मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख मागे आली का ते तपासा.

यापुढे सहीच्या आधी पहिल्या वर्षाचा हिशेब सगळ्यांना समजावून सांगू. तुम्ही दोघं कधीही या, अर्ज मी स्वतः भरून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.