"आज परत तसंच झालं" एवढंच लिहून ठेवू नका

ऑफिसमधल्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने जी अंतर्गत समिती असते ना, तिच्यात बाहेरची सदस्य म्हणून मी काही वर्षं बसतेय. एका केसबद्दल लिहायचंय, ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत.

तक्रार करणाऱ्या मुलीकडे डायरी होती, पण आत काय तर "आज परत तसंच बोलला, घरी येऊन खूप रडले". तिचं रडणं खरं होतं हो, पण समितीत पहिला प्रश्न आला की तसंच म्हणजे नेमकं काय बोलला, आणि पाच महिन्यांनी शब्द कुठून आठवणार? त्यात एका नोंदीवर शुक्रवारची तारीख होती आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्या मॅनेजरने सरळ त्या दिवशीचं नाशिकचं हॉटेलचं बिल पुढे ठेवलं. झालं, मुलगी खोटारडी ठरायला लागली.

मग आम्ही तिचा फोन घेऊन बसलो, तर घटनेच्या दिवशीची कॅबची पावती सापडली, गुरुवार रात्री ८.५०. बहिणीला मेसेज होता ९.४० चा, "ताई आज परत त्याने खांद्यावर हात ठेवला, मी बाजूला झाले तरी". घटना गुरुवारची होती, तिने डायरी लिहिली रात्री साडेबाराला आणि वर तारीख टाकली नव्या दिवसाची! एवढ्याशा गोष्टीवरून सगळं कोसळणार होतं. म्हणून मी आता प्रत्येकीला सांगते की दोन तारखा लिहा, घडलं कधी आणि मी लिहितेय कधी.

नोंद कशी हवी ते बघा. "गुरुवार, संध्याकाळी सातच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावरची छोटी मीटिंग रूम, दार बंद. तो म्हणाला, '...' (त्याचे शब्द जसेच्या तसे, हिंदीत तर हिंदीत, शिवी असेल तर शिवीसकट). मी म्हणाले, सर मला निघायचंय. बाहेर अमुक जण बसला होता, त्याने मला बाहेर पडताना पाहिलं, आतलं ऐकलं की नाही माहीत नाही. ९.४० ला ताईला मेसेज केला." बस. "त्याची नजर घाणेरडी होती" असं लिहावंसं वाटतं, पण त्याऐवजी तो कुठे बघत होता, किती जवळ उभा होता ते लिहा, त्यावर समितीला प्रश्न विचारता येतात.

आणि आपल्याला अडचणीचं वाटेल तेही लिहा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घाबरून हसलात, दुसऱ्या दिवशी त्याच्या मेसेजला स्मायली पाठवली, लिहून ठेवा आणि का पाठवली तेही. समोरचा ती स्मायली दाखवणारच आहे, तेव्हा ती तुमच्या नोंदीत आधीच असली तर तुमच्या बाकीच्या शब्दाला वजन येतं. नंतर काही आठवलं तर जुनी नोंद खोडू नका, खाली आजची तारीख टाकून नवीन ओळ लिहा. डायरी म्हणजे शेवटी तुमचंच म्हणणं, एकटीने ती सगळं सिद्ध करत नाही, पण पावत्या, मीटिंगची आमंत्रणं, कॉल लॉग तिच्याशी जुळले की चित्र उभं राहतं.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर कापलेले स्क्रीनशॉट नकोत. सेव्ह केलेलं नाव कोणीही काहीही टाकू शकतं, त्यामुळे आधी त्याचा नंबर दिसेल असं कॉन्टॅक्ट पान उघडा, तिथून चॅटमध्ये जा आणि तारखांसकट वरून खाली स्क्रोल करत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. हे लगेच करा, कारण समोरचा मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" करू शकतो. मूळ चॅट तर मुळीच उडवू नका, उद्या पोलिसात किंवा कोर्टात गेलं तर डिजिटल पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

नोंदी ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, राजीनामा दिला की ॲक्सेस त्याच दिवशी जातो. पण म्हणून क्लायंटच्या फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नका हं, मग चर्चा छळावरून हटून तुम्ही डेटा चोरला यावर जाते. ऑफिसचा एखादा मेल पुरावा म्हणून हवा असेल तर त्याची तारीख, वेळ, विषय वहीत उतरवून ठेवा, समितीला कंपनीकडून तो मागवता येतो.

आणि मुदत. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी ३ महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. त्या मुलीला पहिली मुदत उलटून गेल्यावर कळलं होतं. आजारपणाची कागदपत्रं होती म्हणून वाढवून मिळाली, आणि शेवटची घटना कोणती हे आम्ही ठरवलं ते त्याच गुरुवारच्या पावतीवरून.