बंद नाकाची मिसळ

आमच्या नौपाड्यातल्या घरात रोजचा स्वयंपाक बायको करते आणि वर्षातून चारदा मिसळ मी करतो. कौतुक मात्र माझंच होतं. त्या रविवारी ताई, भावोजी आणि भाची येणार होती, आणि मला सर्दी. दोन्ही नाकपुड्या ठप्प.

सकाळी कट चाखला. मीठ बरोबर, कोकमाचा आंबटपणा बरोबर, तिखटाने जीभ भाजली. पण मिसळ कुठे होती? नुसतं खारट, आंबट, गरम पाणी! हिंग कमी पडला असणार, म्हणून चिमूटभर टाकला. फरक नाही. मग पाव चमचा. मग दोन चमचे गोडा मसाला. मग धीर सुटला आणि डबीच उपडी केली.

दार उघडताच भावोजी उंबऱ्यावर थबकले. "गॅस लीक होतोय का रे?"

भाची बारावी सायन्सला आहे. घास घेतला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मामा, तू जिभेने चाखलंस. हिंग जिभेला कळतच नाही."

तिच्या म्हणण्याप्रमाणे जिभेची अक्कल गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्यावर संपते. तिखटसुद्धा चव नव्हे, ती आग. ती गरम चटका ओळखणाऱ्या नसांना लागते. (षड्रसांतला एक रस माझ्याच डायनिंग टेबलावर गळाला.) बाकीचं सगळं, हिंग, वेलची, आंबा, हा वास. तोही समोरून आत येणारा नव्हे. घास गिळताना मऊ टाळू घशातून नाकात जाणारी वाट मिटतो. गिळून झालं की सुटणाऱ्या श्वासाबरोबर घासाचा वास घशामागून वर, नाकाच्या छताशी पोचतो. मेंदू मात्र श्रेय तोंडाला देतो. सर्दीत वरची ती बोळ सुजते, वास पोचत नाही, आणि आपण म्हणतो, तोंडाला चव नाही.

भावोजींना पटेना. ताईने आणलेलं श्रीखंड आणि आम्रखंड होतंच. त्यांचे डोळे बांधले, नाक चिमटीत धरायला लावलं आणि भाचीने चमचा भरवला.

"गोड, थोडं आंबट," भावोजी गेंगाणे बोलले. "श्रीखंड."

दुसरा चमचा. "हेही श्रीखंडच."

"आता नाक सोडा, बाबा. श्वासही सोडा."

भावोजींच्या भुवया पट्टीच्या वर गेल्या. "अरे, आंबा! हा आला कुठून?"

चमचा तर केव्हाच रिकामा झाला होता. मग ते दोघं वाटी संपेपर्यंत प्रयोग करत बसले. माझी मिसळ कुणी विचारली नाही. वडापाव मागवले. उरलेला कट मी हट्टाने डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला.

पाचव्या दिवशी पहाटे नाक उघडलं. पहिला वास चहाचा यावा अशी माझी फार इच्छा होती, म्हणून दूध काढायला फ्रिज उघडला.