५३२ ला गेलेला शेअर आणि तुमचे ४८

"लेख वाचून हसू आलं. ५०० चा शेअर, त्यावर ३५ दिवसांचा ५२५ चा कॉल ७ ला विकला, आणि एक्स्पायरीला शेअर ५८०. म्हणजे ५८० चा माल ५३२ ला दिलात. ४८ स्वतःच्या हातानं घालवलेत आणि वर त्याला 'शिस्त' म्हणताय! ५५० चा कॉल विकायला काय झालं होतं? नाहीतर दर आठवड्याचे विकायचे. ब्रोकरेज तर धरलेलंच नाही. नवख्यांना असलं काही शिकवू नका."

नमस्कार. हातातल्या शेअरवर कॉल विकण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची ही प्रतिक्रिया वाचली. हसू आलं हे चांगलंच झालं, कारण बाकीच्या मजकुरात हसण्यासारखं फारसं काही नाही. ब्रोकरेज धरलं नव्हतं, हे मान्य. आकडे सोपे राहावेत म्हणून सोडलं होतं, पण एक ओळ टाकायला हवी होती. आता 'घालवलेत'कडे येतो. तो शब्द तुम्ही फार सहज वापरलात आणि मला तो लागला, हे लपवत नाही.

घालवायला ती गोष्ट आधी आपली असावी लागते. कॉल विकणं म्हणजे एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, आपला शेअर ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क प्रीमियम घेऊन दुसऱ्याला देणं. ज्या दिवशी कॉल विकला त्या दिवशी ५२५ च्या वरची सगळी वाढ मी ७ ला विकून टाकली होती. बयाणा खिशात घालायचा आणि मग जागेचा भाव वाढला म्हणून सौद्यावर रडायचं, यातला प्रकार झाला हा. माझ्या मनात त्या शेअरचा विकायचा भाव ५३० च्या आसपास होता. कॉल नसता तर मी त्याच भावाला विक्रीची ऑर्डर लावून बसलो असतो, आणि ५८० तेव्हाही मला दिसले नसते. स्ट्राइक, म्हणजे कॉलमधला ठरलेला भाव, निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या भावाला शेअर गेला तर मला वाईट वाटेल का? वाटणार असेल तर त्या शेअरवर कॉल विकायचाच नाही. मग प्रीमियम कितीही गुबगुबीत दिसो.

५५० चं म्हणताय, तर घ्या. वर्षाला साधारण २५ टक्के अस्थिरता धरली तर त्याच ३५ दिवसांसाठी ५५० च्या कॉलला जेमतेम २ मिळतात, ५२५ च्या कॉलला ७ आणि ५०० च्या कॉलला सुमारे १६. ५२५ चा डेल्टा, म्हणजे शेअर स्ट्राइकच्या वर संपण्याचा ढोबळ अंदाज, तेव्हा ०.३ च्या आसपास होता. ढोबळमानानं बोलायचं तर अशा दहा सौद्यांत तीनदा शेअर स्ट्राइकच्या वर संपणार आणि सातदा प्रीमियम माझ्याकडे राहून शेअरही माझ्याकडेच राहणार. तुम्ही त्या तिनातला एक उचलून माझ्यासमोर नाचवताय. उलट ५५० विकला असता आणि शेअर ४९० ला बसला असता, तर "२ साठी एवढा खटाटोप?" असं लिहायला तुम्हीच पहिले आला असता. आणि ५८० ला ५५० चा कॉलसुद्धा माझा शेअर ५५२ ला घेऊन गेला असता. म्हणजे तुमच्याच हिशेबानं तिथेही २८ 'घालवले' असते. आता ते कोणाच्या हातानं, ते तुम्हीच सांगा.

"शेअर वर गेल्यावर कॉल परत घेऊन पुढे ढकलायचा होता" असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुढच्या प्रतिक्रियेत लिहाल म्हणून आत्ताच सांगतो. दहा दिवस उरलेले असताना शेअर ५८० ला होता, तेव्हा ५२५ चा कॉल परत घ्यायला सुमारे ५६ लागत होते. तिथून पुढचा ४५ दिवसांचा ५५० चा कॉल साधारण ४० ला विकता आला असता. म्हणजे १६ खिशातून द्यायचे आणि मर्यादा २५ नं वर सरकवायची. आधीचे ७ धरले तर एकूण ९ बाहेर. शेअर ५५० च्या वर टिकला तर हातात ५४१ येतात, ५३२ पेक्षा ९ जास्त. पण तोच परत ५२५ ला आला तर माझ्याकडे ९ वजा जाऊन ५१६ चा माल उरतो, आणि दहा दिवसांत मोकळा होणारा मी आणखी महिनाभर अडकतो. ९ च्या फायद्यासाठी १६ चा धोका. तो मी घेतला नाही आणि पुन्हाही घेणार नाही.

आठवड्याच्या कॉलबद्दल थोडक्यात. शेवटच्या दिवसांत प्रीमियम झपाट्यानं वितळतो हे खरं, पण ते चालू भावाजवळच्या स्ट्राइकला. ५ टक्के दूरच्या ५२५ ला एका आठवड्याचे ०.७ मिळतात. पाच आठवड्यांचे साडेतीन, म्हणजे माझ्या ७ चे निम्मे. आणि ज्या ब्रोकरेजवरून मला सुनावलंत ते पाच वेळा. जास्त हवं असेल तर स्ट्राइक ५१० ला आणावी लागते, मग मर्यादेची तक्रार कोणाकडे करणार? लांबचंही तसंच. ९० दिवसांच्या ५२५ ला १६ मिळतात, दिवसाचा हिशेब ३५ दिवसांच्या कॉलपेक्षा किंचित कमीच पडतो, आणि तीन महिने हात बांधलेले. मी ३० ते ४५ दिवसांवर थांबतो ते म्हणूनच. त्या मुदतीत कंपनीचे निकाल येत असतील तर त्याच्या आधीची एक्स्पायरी घेतो, नाहीतर तो महिना सोडतो.

खरं तर मर्यादेवर हल्ला करायचाच होता तर जागा वेगळी होती, आणि ती तुम्हाला दिसली नाही. समजा, शेअर ५०० वरून ४४० ला पडला. ५२५ च्या कॉलला आता काहीच मिळत नाही. पण ४६० च्या कॉलला पुन्हा ७ मिळतात, आणि तिथेच लोक फसतात. शेअर सावरून ५०० ला आला की तो ४६७ ला हातातून जातो. घसरण पूर्ण सोसायची, सावरताना मात्र दार बंद. ५२५ ला मर्यादा स्वीकारणं वेगळं आणि खरेदीभावाच्या खाली मर्यादा स्वीकारणं वेगळं. मी दशकभराहून जास्त काळ कॉल विकतोय. २०२० च्या मार्चमध्ये प्रीमियम फुगून भलतेच सुटले होते. ओळखीतले दोघंतिघं खालच्या स्ट्राइक धडाधड विकत होते, मी एकही कॉल विकला नाही. तेव्हा 'हातचं सोडतोयस' असं मलाही ऐकवलं गेलं, आणि सूर साधारण तुमच्यासारखाच होता.

नवख्यांची काळजी तुम्हाला आहे हे वाचून बरं वाटलं. त्यांना एवढंच सांगा की ७ चा प्रीमियम ६० ची घसरण अडवत नाही. मूळ लेखात ते तिसऱ्या परिच्छेदात आहे, तिथपर्यंत तुम्ही पोचला असाल असं धरून चालतो. लाभांशाच्या आधी कॉल खोल आत गेला असेल, म्हणजे शेअर स्ट्राइकच्या बराच वर असेल, आणि त्यातलं वेळेचं मूल्य लाभांशापेक्षा कमी उरलं असेल, तर अमेरिकन पद्धतीच्या ऑप्शनमध्ये शेअर मुदतीआधीच उचलला जाऊ शकतो. यावर मात्र मी लिहिलेलं नाही. त्यावरून टीका केली असतीत तर मी निमूट ऐकून घेतली असती.

करांबद्दल आणि 'इंडेक्सवरच करा' म्हणणाऱ्या तुमच्या दुसऱ्या प्रतिक्रियेबद्दल इथे काही लिहीत नाही. ती या विषयाची नाही, आणि तिच्यातली भाषा तर मुळीच नाही.