सिम्बल का हरवतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

«फोमचे इअरप्लग घालून बँडबरोबर तालमी केल्या. सिम्बल ऐकूच येत नाहीत, गिटार घोंगडीखालून वाजल्यासारखी वाटते. असं वाजवण्यापेक्षा कान गेलेले परवडले. रॉकवाल्यांना हे सल्ले देऊ नका.»

आपण वर्णन केलेला आवाज अगदी तसाच येतो, आणि त्याचे कारण फोमच्या स्वभावात आहे. मोकळी कर्णनलिका साधारण २७०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप वाढवून पडद्यापर्यंत पोहोचवते. बोळा बसताच ही वाढ नाहीशी होते, आणि शिवाय फोम स्वतः खर्जापेक्षा वरचे स्वर जास्त अडवतो. सिम्बलची झळाळी आणि गिटारची धार नेमकी तिथेच असते, त्यामुळे तिला दुहेरी फटका बसतो.

श्रवणतज्ज्ञ मीड किलियन यांच्या कंपनीने १९८८ मध्ये बाजारात आणलेला ईआर-१५ हा प्लग याच अडचणीवरचा उपाय होता. कानाचा साचा घेऊन केलेल्या या प्लगमध्ये एक बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी पातळ पडद्याची चकती असते. नळीतली हवा आणि तो पडदा मिळून २७०० हर्ट्झच्या आसपासच घुमतात व हरवलेली वाढ भरून काढतात. परिणामी सगळे स्वर जवळपास सारखेच, सुमारे १५ डेसिबेलने, खाली येतात; वाद्यांचा आपसातला तोल टिकतो. प्रेक्षकांसाठी तयार मापाचे, याच तत्त्वावरचे स्वस्त प्लग मिळतात. ते इतके काटेकोर नसले तरी फोमपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येते.

आता हिशेब पाहा. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेलला दिवसाचे ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबेलला फक्त १५ मिनिटे उरतात. तालमीत ड्रमरच्या कानाशी १०० डेसिबेल आहेत असे धरा. १५ डेसिबेलचा प्लग २ तास नीट बसला, तर दिवसाच्या मर्यादेचा चौथा हिस्सा खर्च होतो. पण मधल्या अर्ध्या तासासाठी, बँड वाजवतच असताना, प्लग काढला, तर त्या अर्ध्या तासातच मर्यादेच्या दुप्पट आवाज कानात जातो, मग उरलेला दीड तास कितीही जपला तरी. म्हणूनच जो प्लग काढावासा वाटत नाही तो घ्यावा, एवढाच माझा आग्रह आहे. (कानातली शिट्टी सकाळपर्यंत थांबली म्हणजे सगळे भरून आले, हा समज मात्र सोडलेला बरा.)

गायकांची अडचण वेगळी आहे: कान बंद झाला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. साचा नलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे, हाडाच्या भागापर्यंत खोल घेतला, तर हे बरेच कमी होते. साधा, उथळ प्लग असेल तर हेच घुमणे तपासणीला उपयोगी पडते. प्लग घालून ओठ मिटून «हं» म्हणा. ज्या कानात घुमणे कमी वाटेल, तिथला प्लग बहुधा सैल बसला आहे.