मटण कुठल्या खात्यात?

खर्चाची एक्सेल शीट सूत्रं येत नाहीत म्हणून बंद पडत नाही. ती बंद पडते रविवारी सकाळी, मटणाच्या पिशवीपाशी. उत्साहाच्या भरात किराणा, भाजी, दूध, मांसाहार, चैन, आरोग्य, मनोरंजन अशी पंचवीस खाती काढलेली असतात आणि मटण कुठं टाकायचं यावर घरात परिसंवाद भरतो. कोल्हापुरात रविवारच्या मटणाला चैन म्हणणाऱ्याला पांढरा रस्सा कोण वाढणार, हा प्रश्न तर वेगळाच.

माझं मत सरळ आहे. खातं वस्तूवरून पाडायचं नाही, कमी-जास्त करायचा निर्णय कुठं घेता येतो त्यावरून पाडायचं. तसं बघितलं तर सहा खाती पुरतात: बांधील (हप्ता, भाडं, लाईट बिल, फी), घर (किराणा, दूध, भाजी आणि होय, मटण), बाहेर (मिसळ, चहा, भेळ), ये-जा, पाहुणे-सण आणि इतर. सातवं सुचलं की आधी चहा प्यावा. त्याची नोंद 'बाहेर'मध्ये.

शीटला रकाने चारच: A तारीख, B रक्कम, C खातं, D टीप. लॅपटॉपवर `Ctrl + ;` दाबलं की आजची तारीख येते. खातं मात्र हातानं टाइप करू नये. एकदा 'घर', एकदा 'घर्', एकदा 'घरचं' लिहिलं की एक्सेलच्या लेखी तुमचे तीन संसार होतात. C रकाना निवडून Data मेनूतल्या Data Validation मध्ये List घ्यायची आणि सहा नावं स्वल्पविराम देऊन लिहायची. मग निवड फक्त त्यातूनच होते. दुसरीकडून चिकटवलेला मजकूर मात्र हा पहारेकरी अडवत नाही, तेवढं ध्यानात ठेवावं.

आता एक रविवार घेऊ. समजा पुण्याहून पाहुणे आलेत. एटीएममधून 2,000 काढले. मटण 800, भाजी-कोथिंबीर 120, पेट्रोल 300, सगळ्यांची मिसळ 400 आणि संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ 160. मिसळ आणि भेळ एरवी 'बाहेर'मध्ये गेली असती, पण आज ती पाहुण्यांमुळं झाली, म्हणून 560 'पाहुणे-सण'मध्ये. घर 920, ये-जा 300. एकूण 1,780.

इथं चुकतं ते एटीएममुळं. पैसे काढल्याचीही ओळ घातली की त्या रविवारचा खर्च 3,780 दिसतो आणि दोष बिचाऱ्या पाहुण्यांवर येतो. पैसे बँकेतून खिशात गेले, एवढंच झालं. क्रेडिट कार्डाच्या बिलाचंही तेच: खरेदी ज्या दिवशी लिहिली त्या दिवशीच खर्च झाला, बिल भरणं पुन्हा लिहायचं नाही.

खिशात 220 उरायला हवेत आणि निघाले 190, तर 30 रुपयांसाठी सीआयडी चौकशी लावू नये. 'इतर'मध्ये 30, टीप 'सुटलं', विषय संपला. यूपीआयचा खर्च ॲपच्या इतिहासात सापडतोच, म्हणून रोज रात्री फक्त रोखीचा खर्च लिहिला आणि बाकीचा रविवारी उतरवला तरी चालतं. मॉलच्या एका बिलात डाळ, शाम्पू आणि प्लॅस्टिकचा डबा असला तरी फोड करत बसू नये, सगळं 'घर'.

महिन्याच्या बेरजेसाठी F2 पासून खाली खात्यांची नावं, G1 मध्ये महिन्याची पहिली तारीख आणि G2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढायचं:

```
=SUMIFS($B:$B,$C:$C,$F2,$A:$A,">="&G$1,$A:$A,"<"&EDATE(G$1,1))
```

बेरीज संशयास्पद कमी आली, तर महिना काटकसरीचा गेला असं समजून लगेच पेढे वाटू नयेत. कुणीतरी '150 रु.' असं लिहिलेलं असतं. अक्षर आलं की एक्सेल त्याला आकडा मानत नाही आणि बेरजेत मुकाट्यानं वगळतं. ओळखायची खूण सोपी: आपण वेगळी मांडणी केली नसेल, तर आकडा उजवीकडं चिकटतो, मजकूर डावीकडं.

तारखेचं दुखणं जास्त लबाड आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 25/06/2025 मजकूर होऊन डावीकडं बसते, म्हणजे निदान दिसते तरी. पण 05/06/2025 ही 6 मे होऊन उजवीकडं ऐटीत बसते आणि जूनचं मटण मे महिन्यात शिजतं. विंडोजच्या Region सेटिंगमध्ये English (India) निवडून पुढच्या तारखा सुधारतात. आधी उलट्या बसलेल्या मात्र हातानंच नीट कराव्या लागतात.

'इतर' एकूण खर्चाच्या दहाव्या भागापेक्षा फुगलं, तरच टीपा वाचायला बसावं. तिथं बहुतेक वेळा 'किरकोळ', 'असंच' आणि 'भावानं सांगितलं म्हणून' एवढंच लिहिलेलं सापडतं.