जुनी शीट, नवी शीट आणि व्हेक्टर डेटाबेस

"कंपनीची सगळी कागदपत्रं क्लाऊडवर टाका. एआय ती शिकून घेतं. उत्तर फक्त तुमच्याच फायलींतून येतं, त्यामुळे चुकीची भीती शून्य. जुनी-नवी फाइल वेगळी करत बसायची गरज नाही."

हा मेसेज आमच्या दाजींना आला. त्यांची बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आहे, आणि लगेच कपाटं रिकामी करायला निघाले की! म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, मॉडेल तुमच्या फायलींतलं काहीही शिकत नाही. फायलींचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याच्या अर्थाचे आकडे, म्हणजेच व्हेक्टर, करून व्हेक्टर डेटाबेसमध्ये ठेवतात. प्रश्न आला की त्याच्या जवळचे चार-पाच तुकडे काढून मॉडेलपुढे ठेवतात. झालं.

खरा घात मेसेजच्या शेवटच्या वाक्यात आहे. समजा, पंप हाउसिंगच्या तपासणी शीटच्या रिव्हिजन बीमध्ये कडकपणा 180 ते 220 बीएचएन होता. गिऱ्हाइकाने सीमध्ये तो 190 ते 230 केला. बाकी शीट अक्षरन् अक्षर तीच, म्हणून दोन्हींचे व्हेक्टर जवळजवळ एकाच जागी बसतात. शोधाला जवळीक कळते, तारीख कळत नाही. बी वर आली की 184 चं कास्टिंग पास! शिवाय उत्तराखाली फाइलचं नाव आणि पानही बरोबर. नुसतं उत्तर वाचून ही चूक सापडत नाही; काढलेले तुकडे उघडून रिव्हिजन बघावी लागते.

उपाय आहे. प्रत्येक तुकड्यासोबत पार्ट नंबर आणि स्थिती नोंदवायची, आणि शोध तेवढ्यातच घ्यायचा. पोस्टग्रेस डेटाबेसला व्हेक्टर शोध जोडणाऱ्या पीजीव्हेक्टरमध्ये असं:

```sql
SELECT chunk, rev FROM docs
WHERE part_no = 'PH-114'
  AND status = 'current'
ORDER BY embedding <=> $1
LIMIT 5;
```

पण नवी शीट आली की जुनीची `current` ही खूण काढणार कोण? ऑफिसातलाच माणूस. म्हणजे जुनी-नवी वेगळी करणं आलंच.

"भीती शून्य" म्हणणाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या संशोधकांची 2024 ची तपासणी बघावी. वकिलांसाठीची, कागद शोधूनच उत्तर देणारी बड्या कंपन्यांची साधनं त्यांनी तपासली. 17 ते 33 टक्के उत्तरांत चुकीचा किंवा दिलेल्या आधाराशी न जुळणारा मजकूर निघाला. फाउंड्रीत स्वतःच करून बघा: कधीच न ओतलेल्या पार्टचा कडकपणा विचारा. पार्ट नंबरची अट घातली नसेल, तर शोध जवळचे पाच तुकडे देतोच, "नाही" म्हणत नाही. मग त्यातला दुसऱ्याच पार्टचा आकडा मॉडेल सांगू शकतं.

जुना कागद पटकन सापडतो, एवढं मात्र मान्य. तेही मजकूर असलेल्या फायलींत. दाजींच्या कपाटातल्या कन्नड नोटिसांचे स्कॅन म्हणजे नुसते फोटो; आधी कन्नड ओसीआर करून अक्षरं काढली नाहीत, तर मजकुराच्या शोधाला त्या दिसणारच नाहीत.