जुन्या पुस्तकाला ब्लीच लावायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

"जुन्या पुस्तकावरचे तपकिरी ठिपके म्हणजे बुरशी, ती बाकीच्या पुस्तकांनाही लागते. पाण्यात थोडं ब्लीच घालून कापसाने पुसा, दिवसभर कडक उन्हात ठेवा. पानं तुटत असतील तर लॅमिनेट करा."

हे आत्याने मला पाठवलं आणि वर विचारलं, कापूस कुठला घेऊ! आत्या, आधी बाटली खाली ठेव.

ठिपक्यांचं बघ. टॉर्च कागदालगत तिरका धर. डाग सपाट, गंजासारखा, कागदात मुरलेला दिसला, कधी मागच्या बाजूलाही उमटला असेल, तर ते फॉक्सिंग. कागदातले लोहाचे कण आणि दमटपणा हे त्याचं नेहमीचं कारण, आणि हो, काही ठिकाणी बुरशीचाही हात असतो, एवढं मेसेजवाल्याचं मान्य. पण ते शेजारच्या पुस्तकाला लागत नाही आणि पुसून जातही नाही, तेव्हा हात न लावणं उत्तम. खरी बुरशी पृष्ठभागावर असते, तिरक्या उजेडात लव उठून दिसते, कुबट वासही येतो.

आता ब्लीच. डाग फिका होतो खरा, पण ते कागदाचा तंतूच तोडतं, शाई उडवतं आणि नीट धुवून न काढता आल्याने आत राहून काम चालूच ठेवतं. पान आज पांढरं दिसेल, पुढे पुन्हा पिवळं पडेल आणि जास्त ठिसूळ होईल. शिवाय ओल्या कापसाने पुसलं की पाण्याची कड उमटते ती वेगळीच, म्हणजे एक डाग घालवायला दुसरा आणायचा. ऊन बुरशी वाळवतं हे खरं, पण दिवसभर कडक उन्हात कागद पिवळा पडतो, शाई उडते, पुठ्ठा वाकडा होतो.

मग करायचं काय? बुरशी ओलसर असेल, बोट लागताच फासली जात असेल, तर ब्रश मारायचाच नाही, नाहीतर ती आत चोळली जाते. पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं कर, कोरड्या खोलीत पंख्याचा थेट झोत न लागता वाळू दे. भिजलेलं पुस्तक ४८ तासांत वाळवा, जमत नसेल तर गोठवा, असं अमेरिकेतलं नॉर्थईस्ट डॉक्युमेंट कॉन्झर्व्हेशन सेंटर सांगतं. गोठवल्याने बुरशी मरत नाही, फक्त थांबते. वाळून भुकटी झाली की एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, घराबाहेर, मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या दिशेने अलगद झाड. खोलीतला दमटपणा ६५ टक्क्यांवर गेला की ती परत येणारच, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस.

लॅमिनेशनबद्दल एवढंच, कागदातल्या आम्लाने पानं तुटतात, ते आम्ल प्लास्टिकच्या आतही तसंच राहतं आणि चिकटलेलं प्लास्टिक सुखरूप निघत नाही. तुटकी पानं आम्लविरहित फोल्डरमध्ये ठेव आणि पुस्तक पूर्ण न उघडता फोटो काढून घे.